पाटी कुणाची लावायची? कर्जत-खालापुरात फ्रँचायझी घेण्याआधीचा हिशेब

कर्जतच्या चारफाट्यावर, स्टेशनबाहेर किंवा खोपोलीत जुन्या हायवेला एखादा गाळा हाताशी आला, की घरात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, नावाजलेल्या चहाची नाहीतर वडापावची फ्रँचायझी घे, गिऱ्हाईक आपोआप येईल. कुणी म्हणतं, दुसऱ्याची पाटी कशाला, आपल्या घरच्या चवीचं दुकान टाक. दोन्ही बाजूंनी बोलणारे बहुधा मुंबई-पुण्यातली दुकानं डोळ्यांसमोर ठेवून बोलतात. आपल्या भागाचा हिशेब वेगळा आहे. तो कागदावर मांडल्याशिवाय कुठंही सही करू नये, म्हणून हा लेख खाण्यापिण्याच्या छोट्या दुकानापुरताच लिहितो आहे.

फ्रँचायझीत आपण नेमकं काय विकत घेतो, ते आधी पाहू. एक म्हणजे ओळख. दुसरी गोष्ट बोलण्यात कमी येते, पण तीच जास्त मोलाची असते. ती म्हणजे आचाऱ्यावाचून चालणारी पद्धत. वडापावचंच घ्या. जम्बोकिंग 2001 साली मालाडला सुरू झालं, गोली वडापाव 2004 साली कल्याणला. वडा काही त्यांनी शोधला नव्हता. गोलीने केलं ते असं, की वडे दुकानात वळायचे नाहीत, ते कारखान्यात तयार करून गोठवायचे आणि दुकानात फक्त तळायचे. त्यामुळे चव सगळीकडे सारखी राहते आणि आचारी गावाला निघून गेला म्हणून दुकान बंद पडत नाही. पैसे मोजायचे असतात ते मुख्यतः याचे.

ओळखीचं मात्र जागेवर अवलंबून असतं. ज्याला ते नाव माहीत आहे तो माणूस तुमच्या गाळ्यासमोरून किती वेळा जातो, हे पाहावं लागतं. आपल्याकडे तीन प्रकारचं गिऱ्हाईक आहे. शनिवार-रविवारी फार्महाऊस, रिसॉर्ट, ट्रेक, धबधबे यांसाठी येणारा मुंबईकर. दुसरा रोजचा माणूस: लोकलने ये-जा करणारा चाकरमानी, कोर्ट-तहसीलला आलेला शेतकरी, कॉलेजची मुलं, खोपोली-खालापूरच्या कारखान्यांतला कामगार. तिसरा एक्स्प्रेस-वेवरून जाणारा. हा तिसरा फूड मॉलवर थांबतो आणि तिथल्या जागेचं भाडं छोट्या माणसाच्या आवाक्यात नसतं. एक्स्प्रेस-वेवर रोज इतक्या गाड्या धावतात असं सांगत कुणी खालापुरातला गाळा गळ्यात मारू पाहत असेल, तर त्यातली किती वाहनं खाली उतरून तुमच्या दारात येतील ते विचारा.

उरले पहिले दोन. मोठ्या नावाचा मोह पडतो शनिवार-रविवारच्या मुंबईकरासाठी. पण भाडं, पगार आणि वीजबिल महिन्यातले सगळे दिवस चालू असतात, आणि ते भागवतो मंगळवारचा माणूस. त्याला ब्रँडचं फारसं अप्रूप नसतं. चहा गरम, वडा ताजा आणि भाव रोज परवडणारा असला की त्याला पुरे. मुंबईकराचा भरवसा पावसाळ्यात तर आणखी कमी. गर्दी तेव्हाच सर्वांत जास्त असते, आणि अपघात टाळण्यासाठी धबधब्यांवर, धरणांवर मनाईहुकूम निघतात तेही तेव्हाच. ऐन मोसमात दोन-तीन आठवडे असे गेले की कंपनीने रंगवून दाखवलेला वर्षाचा अंदाज कोसळतो.

आता एक हिशेब करू. आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत. तुम्ही तुमचे घाला, पण रीत हीच ठेवा.

समजा, चारफाट्याजवळ 18,000 रुपये भाड्याचा गाळा आहे आणि चहा-नाश्त्याच्या एका साखळीची फ्रँचायझी घ्यायची आहे. फी 3 लाख. तिच्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 54,000. सजावट आणि यंत्रं कंपनीने ठरवलेल्या माणसाकडूनच घ्यायची, त्याचे 6 लाख. म्हणजे डिपॉझिट आणि खेळतं भांडवल सोडून 9 लाख 54 हजार आधीच गेले. सोमवार ते शुक्रवार रोजचा गल्ला 5,000 आणि शनिवार-रविवारी 11,000 धरू, कर वगळून. बावीस साधे दिवस आणि आठ सुट्टीचे, मिळून महिन्याची विक्री 1,98,000 होते. ऐकायला छान वाटते.

त्यातून कंपनीचा माल विक्रीच्या 48 टक्के, म्हणजे सुमारे 95,000. रॉयल्टी 6 टक्के आणि तिच्यावर पुन्हा 18 टक्के जीएसटी, मिळून 14,000. भाडं 18,000, दोन पोरांचा पगार 26,000, वीज-गॅस 12,000, नासधूस, कागद, दुरुस्ती 8,000. हातात साधारण 25,000 राहतात. अजून तुमचा स्वतःचा पगार धरलेला नाही, कर्ज असेल तर हप्ताही नाही. शिवाय करार पाच वर्षांचा असेल, तर ते 9 लाख 54 हजार साठ महिन्यांत वसूल व्हायला हवेत. त्याचे महिन्याला 15,900. खरे उरले 9,000. सकाळी सहा ते रात्री दहा दुकानात उभं राहून.

यात दोन गोष्टी नीट बघा. पहिली जीएसटीची. खाण्याच्या साध्या दुकानाला 5 टक्के जीएसटी लागतो आणि त्यात भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे फी आणि रॉयल्टीवरचा 18 टक्के कर तुम्हाला परत येत नाही, तो सरळ खर्च आहे. ‘कर काय, नंतर ऍडजस्ट होईल’ असं विक्री प्रतिनिधी सांगतो, ते तुमच्या सीएकडून तपासून घ्या. दुसरी गोष्ट, साध्या दिवसाचा गल्ला 5,000 ऐवजी 4,000 झाला तर काय होतं? महिन्याची विक्री 22,000 ने घटते, माल आणि रॉयल्टी वजा जाता हातातले जवळजवळ 10,000 जातात, आणि ते 9,000 संपून तुम्ही तोट्यात येता. दिवसाला पन्नास-साठ कप चहा कमी गेला की एवढा फरक पडतो. म्हणून कंपनीच्या अंदाजातला शनिवारचा आकडा बाजूला ठेवा, मंगळवारचा आकडा विचारा.

आता तोच गाळा, तेच काम, पण पाटी तुमची. साधी सजावट आणि भांडीकुंडी 3 लाखांत होते. पहिल्या वर्षी गल्ला कमीच असणार: साध्या दिवशी 3,500, सुट्टीला 5,000. महिन्याला 1,17,000. कच्चा माल बाजारातून आणल्याने तो 38 टक्क्यांत, 44,000 च्या आसपास बसतो. भाडं तेच. आचारी ठेवावा लागणार, म्हणून पगारावर 30,000. वीज-गॅस 11,000, किरकोळ 8,000. उरतात 5,500, आणि त्यातले 5,000 सजावटीच्या वसुलीत जातात. म्हणजे पहिलं वर्ष जवळपास फुकट राबायचं. घर चालवायला दुसरा आधार नसेल तर ही वाट धरू नका, मग चव कितीही चांगली असो.

पण हाच गल्ला साध्या दिवशी 5,000 आणि सुट्टीला 8,000 पर्यंत गेला, तर विक्री 1,74,000 होते. मदतीला आणखी एकाला अर्धवेळ 8,000 वर ठेवलं तरी सगळं जाऊन 28,000 च्या आसपास उरतात. फ्रँचायझीपेक्षा विक्री कमी, मिळकत तिप्पट. फरक येतो तो मालातल्या दहा टक्क्यांतून, रॉयल्टीतून आणि सुरुवातीच्या रकमेतून. म्हणजे प्रश्न असा उरतो: 3,500 वरून 5,000 वर जायला किती महिने लागतील आणि तेवढे महिने तुम्ही तग धरू शकता का? माझ्या मते या भागात आठवड्यातले पाच दिवस स्थानिक गिऱ्हाईकावर चालणाऱ्या जागी स्वतःची पाटी बरी, आणि अठरा महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल तर कुठलीच नको.

‘आमच्याकडे रॉयल्टी नाही’ अशी जाहिरात दिसली तर हुरळून जाऊ नका. तिथे कंपनीचा नफा मालाच्या भावात बसलेला असतो. त्यात गैर काही नाही, फक्त तो मोजता आला पाहिजे. करार करण्याआधी चालू फ्रँचायझीचं मालाचं एक खरं बिल मिळवा आणि चहा पावडर, पाव, तेल, वड्याचं सारण यांचा भाव कर्जतच्या बाजारातल्या भावाशी ताडून पाहा. अमूलचं उदाहरण बोलकं आहे, कारण तिथे सगळं उघड आहे. अमूल पार्लरला रॉयल्टी नाही, पण छापील किमतीवरचं मार्जिन पिशवीच्या दुधावर अवघं अडीच टक्के, दुधाच्या इतर पदार्थांवर दहाच्या आसपास आणि आइस्क्रीमवर वीसच्या आसपास असं कंपनीच सांगत आली आहे. दहा हजारांचं दूध विकलं तर तुमचे अडीचशे. कर्जत-खोपोलीत सकाळी दुधाला रांग लागेल, पण दुकान तगेल ते उन्हाळ्यातल्या आइस्क्रीमवर. आणि आइस्क्रीम म्हटलं की पावसाळ्यात वीज गेल्यावर डीप फ्रीझर कशावर चालवायचा हा खर्च आला.

हीच शंका गोठवलेल्या मालावर चालणाऱ्या प्रत्येक साखळीबद्दल घ्यावी. गाडी आठवड्यातून किती वेळा येते? ती कल्याणकडून येते की पनवेलकडून? जुलैत रस्ता बंद पडला तर काय? वितळलेला माल परत घेतात का? या प्रश्नांची उत्तरं कंपनीच्या प्रतिनिधीकडून घेऊ नका. नेरळ, बदलापूर, मुरबाड, खोपोली अशा आपल्यासारख्याच गावांतल्या दोन-तीन फ्रँचायझीवाल्यांकडे, कंपनीने नावं दिलेली सोडून, दुपारच्या सुस्त वेळेला जाऊन बसा. माणूस काउंटरवर एकटा असला की मनमोकळं बोलतो. ‘पुन्हा घेतली असती का?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

गाळ्यासमोरची गर्दी मोजणंही असंच स्वतः करायचं काम आहे. एखाद्या मंगळवारी सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ शेजारच्या चहावाल्याकडे वही घेऊन बसा. समोरून गेले किती ते लिहू नका, थांबले किती आणि साधारण किती रुपयांचं घेतलं ते लिहा. स्टेशनबाहेर लोकल येते तेव्हा लोंढा जातो, पण रिक्षा पकडायच्या घाईत थांबणारे मोजकेच असतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि शेवटच्या आठवड्यात एकदा बसलात तर कारखान्याच्या पगाराचा फरकही दिसेल.

स्वतःचा ब्रँड म्हटलं की आपल्याकडे नजर जाते ती वड्याकडे. कर्जत स्टेशनवरचा दिवाडकरांचा वडा आणि खोपोलीचा रमाकांतचा वडा ही नावं कुठल्याही साखळीच्या मदतीवाचून उभी राहिली. दोघांच्या मागे दोन गोष्टी दिसतात. एक पदार्थ धरून ठेवला, आणि जागा अशी की प्रवाशाला थांबावंच लागतं. बोरघाट चढण्यासाठी पुण्याकडच्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, तेवढा वेळ गाडी उभी राहते आणि तेवढ्या वेळात वडा विकला जातो. खोपोलीत जुन्या हायवेवर घाटाच्या पायथ्याशी गाड्या थांबायच्या. पण सक्तीचा थांबा कायमचा नसतो. 2002 साली एक्स्प्रेस-वे पूर्ण सुरू झाला आणि जुन्या हायवेवरची बरीच वाहतूक तिकडे वळली. 2023 पासून धावणारी मुंबई-सोलापूर वंदे भारत जादा इंजिनाशिवाय घाट चढते. तेव्हा तुमचा गाळा ज्या थांब्यावर जगणार आहे, तो थांबा पाच वर्षांनी असेल का ते पाहा. उलट बाजूनेही पाहा: पनवेल-कर्जत उपनगरी मार्गावर चिखले, मोहोपे आणि चौक ही स्थानकं आहेत. चौकला रोजचा प्रवासी वाढला तर स्टेशनच्या वाटेवरच्या गाळ्याची किंमत बदलेल.

एक पदार्थ धरण्याचा धडा मात्र आजही तसाच लागू आहे. नवीन दुकानात मिसळ, डोसा, चायनीज, सँडविच सगळं ठेवण्याची घाई होते. त्यात माल नासतो आणि आचाऱ्याची मुजोरी वाढते. एकाच पदार्थाचं प्रमाण वजनावर लिहून काढा: किलो बटाट्याला मीठ किती ग्रॅम, मिरची-लसूण किती, एका वड्याचं सारण किती ग्रॅम, तेल कधी बदलायचं. मग तो कागद दुसऱ्याच्या हातात देऊन तुम्ही नसताना वडा करवून घ्या. चव तीच लागली, तर आचारी गेला तरी दुकान चालेल. फ्रँचायझीवाले ज्याचे लाखो रुपये घेतात, त्यातला मोठा भाग या कागदात आहे.

नावाचं काम पहिल्याच दिवशी करा. नुसतं ‘कर्जत वडा’ किंवा ‘खोपोली मिसळ’ असं नाव घेतलं, तर ट्रेडमार्क कायदा 1999 च्या कलम 9 खाली अडचण येते, कारण निव्वळ गावाचं आणि पदार्थाचं नाव एकट्याच्या मालकीचं होत नाही. उद्या शेजारी कुणीही तीच पाटी लावू शकतो. वेगळं, उच्चारायला सोपं नाव घ्या, `ipindia.gov.in` वर ते आधी कुणी घेतलं आहे का शोधा आणि TM-A अर्ज भरा. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे. दुकानासाठी वर्ग 43 लागतो, डब्यात भरून मसाला-चटणी विकायची असेल तर वर्ग 30. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते.

हाच शोध फ्रँचायझी देणाऱ्याच्या नावाचाही घ्या. हल्ली एखादं दुकान वर्षभर चाललं की मालक फ्रँचायझी विकायला निघतो. त्याच्या नावासमोर `Registered` ऐवजी `Objected` किंवा `Opposed` दिसत असेल, तर ज्या पाटीसाठी तुम्ही 3 लाख देताय ती उद्या उतरवावी लागू शकते. मोठ्या नावांच्या बाबतीत धोका वेगळा आहे. नामवंत कंपन्यांच्या नावाने बनावट संकेतस्थळं काढून, ‘तुमचा कर्जतचा एरिया मंजूर झाला’ असं पत्र पाठवून नोंदणीचे पैसे उकळणारे पुष्कळ आहेत. अमूलने याबद्दल जाहीर इशारे दिले आहेत. कंपनीच्या कार्यालयात जाऊन भेटल्याशिवाय आणि खातं कंपनीच्याच नावाचं आहे हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

करारात मी चार ठिकाणी बोट ठेवून वाचायला सांगतो. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, 1872 चा करार कायदाच लागतो, त्यामुळे कागदावर जे लिहिलं तेवढंच तुमचं. पहिलं, हद्द: ‘कर्जत शहर’ असं मोघम नको, अमुक किलोमीटरच्या आत दुसरं दुकान देणार नाही असं हवं, आणि त्यात घरपोच ऍपवरची विक्रीही धरलेली हवी. दुसरं, दरमहा किमान माल उचलण्याची अट: गिऱ्हाईक नसलेल्या महिन्यात ती अट फार जाचते. तिसरं, तंटा झाला तर लवाद कुठल्या शहरात: दिल्ली किंवा बेंगळुरू लिहिलं असेल तर तुमची तक्रार जागीच मेली म्हणून समजा, मुंबई किंवा ठाणे लिहून घ्या. चौथं, बाहेर पडण्याची रीत.

बाहेर पडल्यावर तीन वर्षं तसला धंदा करायचा नाही, असं बऱ्याच करारांत असतं. करार संपल्यानंतरची अशी बंदी करार कायद्याच्या कलम 27 मुळे साधारणपणे टिकत नाही. पण करार चालू असताना दुसऱ्याचा माल विकायचा नाही ही अट टिकते. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोकाकोला या 1995 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. म्हणजे फ्रँचायझीच्या काउंटरवर घरची चटणी ठेवून हळूहळू स्वतःचा ब्रँड वाढवू, हा बेत करार तसं म्हणत असेल तरच करा. लेखी परवानगी मागा. काही छोट्या साखळ्या देतात.

आणि गाळ्याचा करार. आपल्याकडे मालक अकरा महिन्यांचाच लीव्ह अँड लायसन्स करतो. फ्रँचायझीचा करार पाच वर्षांचा आणि गाळ्याचा अकरा महिन्यांचा असेल, तर 6 लाखांची सजावट दुसऱ्याच्या भिंतीला लावून तुम्ही दरवर्षी त्याच्या दारात उभे राहणार. धंदा चालताना दिसला की भाडं वाढतं, नाहीतर मालकाचा भाचा तिथे दुकान काढतो. म्हणून फीचा चेक देण्याआधी गाळामालकाकडून फ्रँचायझीच्या मुदतीइतका, वर्षाला किती टक्के भाडेवाढ ते लिहिलेला करार करून घ्या आणि तो नोंदवा. मालक तयार नसेल तर दुसरा गाळा बघा. स्वतःच्या पाटीचं दुकान असेल तर निदान तीन वर्षं मागा, कारण गल्ला 5,000 वर पोचायला वेळ लागू शकतो.